ताशी कमाईचा खरा हिशेब : पेण-रोह्याच्या डिलिव्हरीवाल्यांसाठी

मुंबई-पुण्यासारख्या विस्तीर्ण नगरांत एक ऑर्डर पोचवून दुचाकीस्वार जेथे थांबतो, तेथून हाकेच्या अंतरावर दुसरे एखादे हॉटेल असण्याचा आणि तेथूनच त्याला पुढची ऑर्डर मिळण्याचा पुष्कळ संभव असतो. परंतु पेण किंवा रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावी बहुतेक हॉटेले बाजारपेठेत, स्थानकाच्या वाटेवर वा महामार्गाच्या कडेला एकवटलेली असतात, आणि मागणी मात्र वडखळ, डोलवी, धाटाव, कोलाड अशा बाहेरच्या दिशांना पसरलेली असते. त्यामुळे येथे गेलेला प्रत्येक लांबचा फेरा बहुधा रिकाम्या हातांनी परत येतो. या रिकाम्या परतीचे पेट्रोल डिलिव्हरीवाल्याच्या खिशातून जाते, तिचा वेळ त्याच्या आयुष्यातून जातो, आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांत मात्र तिचा मागमूस बहुधा नसतो. ताशी कमाईचा हिशेब लहान गावात चुकतो तो मुख्यत्वे याच ठिकाणी. म्हणून या लेखात अन्य सर्व गोष्टींपेक्षा या एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावयाचे आहे.

हा हिशेब स्वतः करण्यावाचून गत्यंतर नाही, याचे कारण कायद्यात आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ या वर्गाची प्रथमच व्याख्या केली, आणि ती करताना हा कामगार मालक-नोकर या पारंपरिक संबंधाच्या बाहेर उभा असल्याचे मान्य केले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यान्वये कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, अशा कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षा निधीत भरावयाची आहे. ही तरतूद स्वागतार्हच आहे आणि ई-श्रम पोर्टलवर नावनोंदणी अवश्य करून ठेवावी. तथापि तो निधी विमा, आरोग्य, वार्धक्य यांसारख्या कारणांसाठी आहे. आज संध्याकाळी एका तासाला किमान किती रुपये पदरात पडलेच पाहिजेत, हे त्यातून ठरत नाही. जेथे तासाचा दर कोणीच लिहून देत नाही, तेथे तो काढण्याची जबाबदारी काम करणाऱ्यावरच येते.

प्रथम वेळेचा प्रश्न घेऊ. एकाच संध्याकाळची लांबी तीन प्रकारे मोजता येते. ऑर्डर स्वीकारल्यापासून ती ग्राहकाच्या हाती देईपर्यंतचा वेळ हा पहिला, अॅपमध्ये लॉगिन करून राहिल्याचा वेळ हा दुसरा, आणि घराचा उंबरठा ओलांडल्यापासून पुन्हा घरी येईपर्यंतचा वेळ हा तिसरा. पहिल्या मापात हॉटेलच्या काउंटरवरची प्रतीक्षा येते, परंतु दोन ऑर्डरींच्या मधली प्रतीक्षा आणि परतीचा प्रवास येत नाही. दुसऱ्यात या दोन्ही गोष्टी येतात, पण घरून पेठेपर्यंतचे जाणे-येणे राहून जाते. भाजकात तिसरे माप घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाक्यावर मोबाइलकडे पाहत उभा असलेला मनुष्य त्या अर्ध्या तासात दुसरी रोजंदारी करू शकत नाही, शेतावर जाऊ शकत नाही, की मुलाचा अभ्यास घेऊ शकत नाही. तो वेळ त्याने कामासाठीच दिलेला आहे. अपवाद एवढाच की, दुपारी घरी येऊन जेवण आणि विश्रांती घेतली असेल व त्या वेळी लॉगिन बंद केले असेल, तर तेवढा वेळ वजा करावा.

अंतराच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. पडद्यावरचे किलोमीटर हे बहुधा हॉटेलपासून ग्राहकापर्यंतचे, फार तर हॉटेलपर्यंत जाण्याचे धरून, असतात. दुचाकीचा मीटर मात्र चाक फिरेल तेवढे सगळे मोजतो. म्हणून घरून निघताना आणि परतल्यावर मीटरचे आकडे एका वहीत टिपावेत. फोनने दोन छायाचित्रे काढली तरी चालते. छायाचित्राबरोबर वेळही आपोआप नोंदली जाते आणि वहीत लिहिण्याचा कंटाळा आला तरी आठवड्याच्या शेवटी रोजकीर्द पुरी करता येते.

दुचाकी प्रत्यक्षात किती अॅव्हरेज देते, हेही अनुमानाने धरू नये. कंपनीच्या जाहिरातीतील आकडा ठरावीक चाचणीच्या परिस्थितीतला असतो, आणि डिलिव्हरीची गाडी तर दर दहा मिनिटांनी थांबते, वळते, पुन्हा सुरू होते. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, किमान दोनशे किलोमीटर नेहमीचे काम करावे, आणि पुन्हा त्याच पंपावर त्याच पातळीपर्यंत टाकी भरावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर गेले त्यांनी किलोमीटरना भागले की खरे अॅव्हरेज हाती येते. पन्नास-शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून हे माप कधीच नीट निघत नाही, कारण टाकीत आधी किती होते हे कळत नाही.

पेट्रोलखेरीज गाडीचा जो खर्च होतो तो रोज दिसत नाही, म्हणूनच तो हिशेबातून सुटतो. समजा, इंजिन ऑइल तीन हजार किलोमीटरला बदलावे लागते आणि त्याला ४५० रुपये पडतात, तर दर किलोमीटरला १५ पैसे झाले. दोन्ही टायर चार हजार रुपयांचे आणि वीस हजार किलोमीटर चालणारे धरले तर २० पैसे. चेन-स्प्रॉकेटचा संच अठराशे रुपयांचा, तोही वीस हजार किलोमीटरचा, म्हणजे ९ पैसे. ब्रेक शू, केबल, मेकॅनिकची मजुरी मिळून तीन हजार किलोमीटरला सहाशे रुपये, म्हणजे आणखी २० पैसे. ही बेरीज सुमारे ६५ पैसे होते. याशिवाय गाडीची किंमत घसरते, ती वेगळीच. नव्वद हजारांची गाडी ऐंशी हजार किलोमीटर पळवून तीस हजारांना विकली, तर साठ हजार रुपये त्या ऐंशी हजार किलोमीटरांत झिजले, म्हणजे दर किलोमीटरला ७५ पैसे. दोन्ही मिळून १ रुपया ४० पैसे झाले. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या मेकॅनिकच्या पावत्यांवरून आपापले बसवावेत. पनवेल ते इंदापूर या टप्प्यात महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले, आणि खड्ड्यांतून नित्य ये-जा करणाऱ्याचे टायर व शॉक-अॅब्सॉर्बर पुस्तकातील आयुर्मर्यादेपर्यंत टिकत नाहीत, हे येथील मेकॅनिक जाणतात.

गाडी कर्जावर घेतली असेल तर पुष्कळजण मासिक हप्ता खर्चात धरतात आणि वर झीजही धरतात; त्यामुळे एकच रक्कम दोनदा वजा होते. हप्त्यातील मुद्दल ही गाडीचीच किंमत आहे आणि ती झिजेच्या रूपाने हिशेबात आलेली आहे. म्हणून हप्त्यातील फक्त व्याज तेवढे खर्चात घ्यावे.

आता एक संध्याकाळ सविस्तर पाहू. एक तरुण वडखळला राहतो आणि पेणमध्ये जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो, असे धरू. वडखळ ते पेणची पेठ हे अंतर सात किलोमीटर धरले आहे. दराचे आकडेही केवळ उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपल्या पेआउटच्या तपशिलातून स्वतःचे घ्यावेत. तो पाचला घरून निघतो आणि साडेअकराला परततो, म्हणजे साडेसहा तास. या अवधीत अकरा ऑर्डरी होतात. त्यांपैकी आठ गावातल्या, प्रत्येकी ३५ रुपयांच्या. तीन सात किलोमीटरवरच्या, प्रत्येकी ६० रुपयांच्या. अकरा ऑर्डरी पुऱ्या केल्याबद्दल १०० रुपये इन्सेंटिव्ह मिळतो आणि एक ग्राहक २० रुपये टिप देतो. एकूण जमा ५८० रुपये.

ऑर्डर घेण्यापासून देण्यापर्यंतचा वेळ साडेतीन तास भरला असेल, तर ५८० भागिले साडेतीन, म्हणजे ताशी १६६ रुपये, असा समाधानकारक आकडा निघतो. लॉगिनचे सहा तास घेतले तर तोच आकडा ९७ वर येतो. आणि अद्याप खर्च वजा केलेला नाही.

ग्राहकापर्यंत पोचवण्याचे अंतर गावातल्या आठ ऑर्डरींचे प्रत्येकी दोन आणि लांबच्या तिन्हींचे प्रत्येकी सात, असे मिळून ३७ किलोमीटर होते. मीटर मात्र ८७ दाखवतो. गावातल्या प्रत्येक ऑर्डरीला हॉटेलपर्यंत जाणे आणि परत नाक्यावर येणे धरून साडेतीन किलोमीटर लागले, लांबच्या प्रत्येकीला पंधरा, आणि घरून जाण्यायेण्याचे चौदा. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि अॅव्हरेज ४८ धरले तर दर किलोमीटरला २ रुपये १७ पैसे पडतात. म्हणजे पेट्रोलचे १८९ रुपये. झीज व देखभालीचे १ रुपया ४० पैशांनी १२२ रुपये. मोबाइलचा रिचार्ज, विम्याचा हप्ता, रेनकोट व बॅग यांचा महिन्याचा खर्च ५२५ रुपये धरून तो सव्वीस दिवसांवर पसरला तर रोजचे २० रुपये. एकूण खर्च ३३१, शिल्लक २४९, आणि ती साडेसहा तासांनी भागली असता ताशी ३८ रुपये.

केवळ पेट्रोल वजा करून थांबणाऱ्याला हाच आकडा ६० वाटतो. तो ज्या २२ रुपयांना कमाई समजून खर्च करतो, ते वस्तुतः बहुतांशी त्याच्या गाडीचे टायर आणि इंजिन आहे. पुढच्या वर्षी ते एकदम मागितले जाईल आणि त्या वेळी उचल घेण्याची पाळी येईल.

आता त्या तीन लांबच्या ऑर्डरींकडे वळू, कारण पेण-रोह्याचे वैशिष्ट्य त्यांतच आहे. दर किलोमीटरचा सर्व खर्च ३ रुपये ५७ पैसे आहे. पंधरा किलोमीटरचे सुमारे ५४ रुपये झाले, आणि ६० रुपयांच्या ऑर्डरीतून उरले अवघे सहा. त्यासाठी हॉटेलवरची प्रतीक्षा, जाणे, इमारत शोधणे आणि परतणे मिळून पन्नास मिनिटे गेली. गावातल्या ३५ रुपयांच्या ऑर्डरीत साडेतीन किलोमीटरचे साडेबारा रुपये जाऊन साडेबावीस उरले, आणि वीस मिनिटे लागली. पडद्यावर ६० ही रक्कम ३५ पेक्षा मोठी दिसते, म्हणून मन तिकडे ओढले जाते. परंतु मिळणारा प्रत्येक रुपया कोणत्या अंतरासाठी आणि किती वेळासाठी आहे, हे परतीसकट पाहिल्याशिवाय तुलना होत नाही.

यासाठी एक सोपा आडाखा मनाशी ठरवून ठेवता येतो. परतीसह प्रत्यक्ष किलोमीटर गुणिले आपला दर किलोमीटरचा खर्च, आणि त्यात लागणाऱ्या वेळाची आपण ठरवलेली ताशी किंमत मिळवावी. ताशी ६० रुपये ही आपली अपेक्षा असेल, तर वरच्या लांब ऑर्डरीला ५४ अधिक पन्नास मिनिटांचे ५०, म्हणजे १०४ रुपये मिळाले तरच ती परवडते. दुचाकीवर बसून हे गणित करण्याची गरज नाही. डोलवीचे फाटक, वडखळचा नाका, धाटावचे कारखाने अशा नेहमीच्या पाच-सहा ठिकाणांचे आकडे एकदा काढून फोनच्या कव्हरमागे कागदावर लिहून ठेवले म्हणजे पुरे.

तथापि या आडाख्याला मर्यादा आहेत, आणि त्या समजून न घेता प्रत्येक लांबची ऑर्डर नाकारू लागणे शहाणपणाचे नाही. वरच्या उदाहरणात त्या तीन नाकारल्या असत्या तर आठच ऑर्डरी झाल्या असत्या आणि शंभर रुपयांचा इन्सेंटिव्ह बुडाला असता. तिन्हींतून उरलेले १९ आणि इन्सेंटिव्हचे १०० असे ११९ रुपये त्या अडीच तासांच्या खाती जमा धरले, तर ताशी सुमारे ४८ पडतात. साठाच्या अपेक्षेहून हे कमी असले तरी त्या संध्याकाळच्या ३८ च्या सरासरीहून अधिक आहे, म्हणून त्या स्वीकारणेच योग्य ठरते. म्हणजे इन्सेंटिव्हची रक्कम ही लांबच्या, न परवडणाऱ्या फेऱ्यांचाच राखून ठेवलेला मोबदला आहे, असे समजून तिचा विचार करावा. यावरून एक व्यावहारिक प्रश्न निघतो : रात्री दहाच्या सुमारास ठरलेल्या संख्येला किती ऑर्डरी कमी आहेत? एक-दोन कमी असतील तर थांबण्यात अर्थ आहे. चार कमी असतील आणि हॉटेले अकराला बंद होणार असतील, तर इन्सेंटिव्ह गेलाच असे धरून उरलेल्या वेळाचा निर्णय केवळ ऑर्डरीच्या दरावर घ्यावा. शिवाय वारंवार नकार दिल्यास पुढच्या ऑर्डरी कमी येतात की काय, हे आपल्याच वहीतील दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

रिकाम्या परतीवर उपाय आहे, परंतु तो जागेवर आणि वेळेवर अवलंबून आहे. वडखळच्या नाक्यावर महामार्गाची हॉटेले आहेत. तेथे ऑर्डर पोचवल्यावर दहा मिनिटे थांबून पेणकडे येणारी एखादी ६० रुपयांची ऑर्डर मिळाली, तर सोळा किलोमीटरांत १२० रुपये होतात, खर्च ५७ जाऊन ६३ उरतात, आणि सव्वा तास धरला तरी ताशी ५० पडतात. मात्र दहाची वीस मिनिटे झाली आणि ऑर्डर आली नाही, तर तेथे आणखी उभे राहू नये. याहून चांगली गोष्ट म्हणजे रात्रीची शेवटची ऑर्डर आपल्या घराच्या दिशेची मिळवणे. आपला तरुण वडखळलाच राहतो. अकराच्या सुमारास त्याला वडखळची ऑर्डर आली, तर तो रस्ता त्याला तसाही जावयाचा आहे. फार तर दोन किलोमीटर वाढतील, सात रुपये जातील, आणि वीस मिनिटांत ५३ रुपये शिल्लक राहतील. जी ऑर्डर रात्री आठला सहा रुपयांची होती, तीच अकराला त्रेपन्न रुपयांची होते.

रोह्याला चित्र थोडे वेगळे आहे. कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी जवळच आहे आणि त्या फेऱ्यांत फारसे नुकसान नसते; परंतु धाटाव औद्योगिक वसाहतीत अंतरापेक्षा वेळच कमाई अधिक खातो. कारखान्याच्या दाराशी पहारेकरी आत सोडत नाही, ग्राहक पाळीवर असतो आणि फोन उचलत नाही. अशा ठिकाणी दोन-तीन ऑर्डरींत पंधरा-पंधरा मिनिटे गेली की अर्धा-पाऊण तास कमाईवाचून सरतो. म्हणून रोह्याच्या वहीत एक रकाना अधिक ठेवावा, तो दाराशी थांबलेल्या मिनिटांचा. हॉटेलवरची प्रतीक्षा आणि ग्राहकाच्या दाराशी प्रतीक्षा वेगळी लिहिली, तर पंधरवड्यात कोणते हॉटेल नेहमी उशीर करते आणि कोणत्या दारावर खोळंबा होतो हे दिसून येते. मग पाळी बदलण्याच्या वेळी धाटावची ऑर्डर घ्यावी की नाही, याचा निर्णय अंदाजावर राहत नाही.

हिशेबात दोन रकमांनी फार घोटाळा होतो. ग्राहकाकडून रोख घेतलेले पैसे खिशात असतात म्हणून ते आपले वाटतात. ती कंपनीची वसुली आहे आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवावी, कारण पेट्रोल त्यातून भरले की आठवड्याच्या पेआउटमधून ती वळती होते आणि पेआउट कमी का आले हे कळेनासे होते. दुसरी रक्कम म्हणजे मोबदल्यातून मुळातच झालेली आयकराची कपात. ती खर्च नव्हे. तुमच्या पॅनवर जमा असलेली रक्कम आहे. २६ एएस या तपशिलात ती पाहावी, आणि वार्षिक उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मागावी.

एका दिवसाच्या आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. शनिवार-रविवारची रात्र आणि मंगळवारची दुपार यांत महदंतर असते. म्हणून आठवड्याची सर्व जमा, सर्व खर्च आणि सर्व तास यांची बेरीज करून एकदाच भागाकार करावा, आणि त्याखेरीज दुपारची पाळी व संध्याकाळची पाळी यांचे दर वेगळे काढावेत. पुष्कळदा असे दिसते की दुपारचे तीन तास एकंदर सरासरीला खाली खेचतात, आणि ते सोडले तर दिवसाची कमाई थोडीच घटते, पण ताशी दर चांगलाच वाढतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सर्व आकडे नव्याने काढावेत : चिखलपाण्यातून अॅव्हरेज उतरते, ब्रेक लवकर झिजतात, प्रत्येक फेऱ्याला काही मिनिटे अधिक लागतात, आणि पावसाचा म्हणून जो वाढीव दर मिळतो तो या सर्वांना पुरतो की नाही हे मेमधल्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय समजत नाही.

हा ताशी दर हाती आला की त्याची तुलना ज्या कामाशी करावयाची, त्या कामाचेही सर्व मोजावे. डोलवीच्या किंवा धाटावच्या कारखान्यात कंत्राटी काम मिळत असेल, तर रोजंदारीला आठ तासांनी भागून थांबू नये. जाण्यायेण्याचा वेळ तेथेही धरावा, आणि नियमाप्रमाणे भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर मालकाचा हिस्सा, म्हणजे निधीसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बारा टक्के आणि विम्यासाठी वेतनाच्या सव्वातीन टक्के, मजुरीत मिळवावा. उलट डिलिव्हरीच्या बाजूने, शेतीच्या दिवसांत किंवा गणपतीच्या हंगामात पेणच्या मूर्तिशाळांत अधिक मजुरी मिळते तेव्हा लॉगिन बंद ठेवता येण्याची जी मोकळीक आहे, तिचीही किंमत आहे. ती आपल्याला वर्षात किती दिवस उपयोगी पडली आणि त्या दिवसांत किती जास्त मिळाले, हे लिहून ठेवले तर तीही रुपयांत मांडता येते.